नशा, वेड आणि हेतू

युनियनच्या कामानिमित्त कोर्टाच्या व्हरांड्यांत बाकावर बसून आम्ही पुष्कळ दिवस काढले. तेथे एक वाक्य हटकून कानी येई : ‘साहेब, तेव्हा मी शुद्धीत नव्हतो.’ बोलणाऱ्याला वाटे की एवढे म्हटले की गुन्हा निम्मा झाला. कायदा या वाक्याकडे कसा पाहतो, ते शिकण्यास आम्हांस ज्या एका निकालाचा उपयोग झाला, त्याचीच हकीकत आज सांगावयाची आहे.

१२ मार्च १९५४ रोजी त्या वेळच्या पेप्सू राज्यातील, म्हणजे पतियाळा आणि पूर्व पंजाबच्या संस्थानी संघातील, एका गावी लग्नाचे वऱ्हाड दुपारच्या जेवणास बसत होते. दारू भरपूर झाली होती. बासदेव नावाच्या निवृत्त जमादाराने पंधरा-सोळा वर्षांच्या एका मुलाला ‘जरा सरक’ म्हटले. मुलगा सरकला नाही. जमादाराने पिस्तूल काढले आणि त्याच्या पोटात गोळी घातली. मुलगा मेला. ना जुने वैर, ना पैशाचा व्यवहार. बसावयाच्या जागेवरून एक पोर गेले.

सेशन कोर्टाने खून ठरवून जन्मठेप दिली. फाशी दिली नाही, कारण पूर्वीचा कट नव्हता आणि माणूस प्यालेला होता. सुप्रीम कोर्टापुढे प्रश्न उरला तो एवढाच : हा कलम ३०२ चा खून, की कलम ३०४ खालचा कमी प्रतीचा मनुष्यवध? दुसऱ्या पक्षी शिक्षा कमी होण्यास वाव. सारी तक्रार १८६० च्या दंडसंहितेतील ८६ व्या कलमावर होती.

हे कलम मोठे चमत्कारिक आहे. त्याच्या आधीचे ८५ वे कलम सरळ आहे : कोणी नकळत किंवा बळजबरीने नशा पाजली आणि आपण काय करतो हे कळण्याची शक्तीच गेली, तर गुन्हा नाही. ज्याने आपल्या हाताने पेला उचलला त्याच्यासाठी ८६ वे. त्याच्या आरंभी ‘ज्ञान’ आणि ‘हेतू’ असे दोन्ही शब्द आहेत. पण पुढे आज्ञा येते ती एवढीच की, तो शुद्धीवर असता त्याला जे ज्ञान असते, तेच होते असे धरून त्याला वागवावे. हेतूचे नाव गळाले. हा मसुदाकाराचा विसर की बुद्ध्या केलेली गोष्ट?

१९५६ च्या एप्रिलात न्यायमूर्ती चंद्रशेखर अय्यर यांनी निकाल दिला. ज्ञान हे शुद्धीतल्या माणसाचेच धरावयाचे. हेतू मात्र आपोआप धरावयाचा नाही. तो भोवतालच्या परिस्थितीवरून, नशा कितपत चढली होती हे पाहून काढावयाचा. माणूस पूर्णपणे भानाबाहेर गेला असेल, तर हेतू चिकटविता येत नाही. तितका गेला नसेल, तर आपल्या कृत्याचा स्वाभाविक परिणाम त्याला हवा होता, असे मानता येते.

हेतू डोळ्यांना दिसत नाही. मग कोर्टाने पाहिले काय? जमादार कधी अडखळत होता, कधी असंबद्ध बोलत होता, ही गोष्ट कोर्टाने नाकारली नाही. पण तो आपल्या पायांनी तेथे आला. आपल्याला सोयीची जागा त्याने निवडली. गोळी झाडल्यावर पळू लागला. आणि धरल्यावर काय घडले ते ओळखून क्षमा मागू लागला. पळणे व क्षमा मागणे, या दोन गोष्टींनी त्याचा पक्ष बुडाला. तोल गेला होता, समज गेली नव्हती. खून कायम झाला, जन्मठेप कायम झाली. पोटावर रोखलेल्या पिस्तुलाचा परिणाम कोणत्याही निवृत्त शिपायाला ठाऊक असणार, म्हणून आम्हांलाही हा निकाल योग्य वाटतो. मात्र क्षमा मागणे हे गोळीनंतरच्या क्षणाचे भान झाले. त्यावरून आधीच्या क्षणाचे मन वाचणे हा अखेर अंदाजच, एवढे म्हटल्यावाचून राहवत नाही.

वेडाची वाट निराळी. १८४३ त मॅकनॉटन नावाच्या इसमाने इंग्लंडच्या पंतप्रधानांच्या चिटणिसाला गोळी घातली आणि वेडामुळे तो सुटला. त्यावर उठलेल्या गदारोळात न्यायाधीशांनी जे नियम सांगितले, तेच आपल्या ८४ व्या कलमात उतरले. मन विकृत आहे एवढे पुरत नाही. त्या विकृतीमुळे त्या क्षणी कृत्याचे स्वरूप, किंवा ते चूक अथवा बेकायदा आहे हे, कळत नव्हते असे आरोपीने दाखवावे लागते. शंभर टक्के सिद्ध करण्याचा भार मात्र त्याच्यावर नाही. तसे असणे अधिक संभवनीय दिसले की झाले, असे सुप्रीम कोर्टाने १९६४ त म्हटले.

या दोन वाटा एका ठिकाणी मिळतात. वर्षानुवर्षे पिऊन ज्याला भ्रम होऊ लागतात, अंगाला कंप सुटतो, नसलेली माणसे दिसतात, त्याच्या वेडाचे मूळ दारूत असले तरी ते वेडच. १८८१ त इंग्लंडात न्यायमूर्ती स्टीफन यांनी हे मानले होते. म्हणजे एका रात्रीच्या पेल्याची सबब चालत नाही, पण त्या पेल्यांनी कायमचा बिघडविलेला मेंदू चालतो. आमच्या वस्तीतले दोघे-तिघे डोळ्यांपुढे येतात; त्यांच्या वकिलाने नशेची नव्हे, दवाखान्याच्या जुन्या कागदांची चौकशी आधी करावी.

१ जुलै २०२४ पासून जुनी संहिता गेली. भारतीय न्याय संहितेत वेडाचे कलम २२, नशेची २३ आणि २४. आकडे बदलले, ‘हेतू’ शब्द २४ व्या कलमातही शेवटी गळालेलाच आहे.