प्रति-फेज विश्लेषण

'''प्रति-फेज विश्लेषण''' ही संतुलित त्रिकला विद्युत मंडल सोडविण्याची पद्धत आहे. तीन फेजांपैकी एकच फेज घेऊन त्याचे एककला मंडल मांडले जाते आणि उरलेल्या दोन फेजांमधील राशी केवळ १२०° च्या कोनांतराने लिहिल्या जातात. फीडरमधून पुरवठा होणाऱ्या स्टार जोडणीच्या भाराला प्रत्यक्षात किती दाब मिळतो, हे काढण्यासाठी या पद्धतीचा विशेष उपयोग होतो.

== आधार ==

उगमाचा न्यूट्रल बिंदू N आणि भाराचा स्टार बिंदू N′ मानावा. प्रत्येक फेजमध्ये फीडरचा संरोध (इंपीडन्स) Z_F आणि भाराचा संरोध Z_L एकसर जोडणीत असतात. दोन्ही बिंदूंना जोडणारी तार नसेल, तर N′ पाशी येणाऱ्या तीन प्रवाहांची बेरीज शून्य असली पाहिजे. तिन्ही फेजांतील एकूण संरोध समान असल्याने या अटीतून पुढील समीकरण मिळते:

```
V_N'N = (V_a + V_b + V_c) / 3 = 0
```

संतुलित उगमाच्या तीन फेजरांची बेरीज शून्य असते. म्हणून N आणि N′ एकाच विभवावर असतात, मग त्यांच्यामध्ये तार असो वा नसो. तार असली तरी तिच्यातून प्रवाह वाहत नाही, त्यामुळे तिचा संरोध कितीही असला तरी उत्तर बदलत नाही. याच कारणाने एका फेजच्या आकृतीत N आणि N′ शून्य संरोधाच्या काल्पनिक तारेने जोडता येतात.

Z_F विषयी एक बाब सहसा दुर्लक्षिली जाते. शेजारच्या दोन तारांमधील प्रवाहही पहिल्या तारेत चुंबकीय प्रेरणेने दाब निर्माण करतात, तरीही ती तार स्वतंत्र मानता येते. संतुलित स्थितीत I_b + I_c = −I_a असते, म्हणून त्या दोन तारांचा एकत्रित परिणाम I_a च्याच पटीत लिहिता येतो आणि तो Z_F मध्ये आधीच समाविष्ट केलेला असतो. मात्र त्यासाठी तारांमधील अंतरे समान असावी लागतात, किंवा ठराविक लांबीनंतर तारांच्या जागा अदलाबदल केलेल्या असाव्या लागतात. अन्यथा हे गृहीतक अंदाजे ठरते.

== भाराच्या टोकाचा दाब ==

एका फेजचे मंडल आता केवळ दोन एकसर संरोधांचे उरते. उगमाचा फेज दाब V_S असल्यास:

```
I   = V_S / (Z_F + Z_L)
V_L = V_S × Z_L / (Z_F + Z_L)
```

उदाहरणार्थ, एका वितरण रोहित्राच्या कमी दाबाच्या बाजूला ४१५ व्होल्ट लाइन दाब स्थिर आहे, असे मानू. तेथून निघणाऱ्या फीडरच्या प्रत्येक तारेचा रोध ०.९ ओहम आणि रिॲक्टन्स ०.३ ओहम आहे. त्याच्या टोकाला असलेल्या स्टार भाराचा प्रति-फेज रोध ८ ओहम व रिॲक्टन्स ६ ओहम, म्हणजे संरोध १० ओहम आणि शक्तिगुणक ०.८ पश्चगामी आहे.

```
V_S       = 415 / √3 = 239.6 V
Z_F + Z_L = 8.9 + j6.3 = 10.90 ∠35.3° Ω
I         = 239.6 / 10.90 = 21.97 ∠−35.3° A
V_L       = 21.97 × 10 = 219.7 V,  कोन −35.3° + 36.9° = +1.6°
लाइन दाब   = √3 × 219.7 = 380.6 V
```

म्हणजे दाब सुमारे ८.३ टक्क्यांनी घटला. भारतीय विद्युत नियम, १९५६ मधील नियम ५४ ने कमी व मध्यम दाबासाठी ६ टक्क्यांची मर्यादा घातली होती. ४१५ व्होल्टसाठी ती सुमारे ३९० व्होल्ट येते, त्यामुळे हा भार त्या मर्यादेच्या खाली गेलेला आहे.

भाराचा दाब उगमाच्या दाबापेक्षा १.६° पुढे आहे, हे प्रथम विचित्र वाटते. फीडरमध्ये रिॲक्टन्सच्या मानाने रोधाचे प्रमाण भारापेक्षा अधिक असल्यामुळे असे घडते. फीडरमध्ये I·Z_F इतका, म्हणजे २०.८ व्होल्ट दाब पडतो, तर दोन्ही टोकांच्या दाबांमधील फरक १९.९ व्होल्ट आहे. या राशी फेजर असल्याने त्यांची वजाबाकी साध्या अंकांप्रमाणे होत नाही. झटपट अंदाजासाठी I(R cos φ + X sin φ) हे सूत्र वापरतात. येथे ते १९.८ व्होल्ट देते, आणि ही अचूकता व्यवहारात पुरेशी असते.

== नेहमीच्या चुका ==

पहिली चूक म्हणजे फेज दाबाऐवजी ४१५ व्होल्ट थेट एका फेजच्या मंडलात घालणे. ती लवकर लक्षात येत नाही, कारण शेवटी मिळणारा ३८०.६ व्होल्ट हा लाइन दाब बरोबरच असतो. मंडल रेषीय असल्यामुळे उगमाचा दाब √३ पट केला की भाराचा दाबही तितकाच वाढतो. प्रवाह मात्र २२ ऐवजी ३८ अँपिअर येतो आणि फीडरमधील शक्तिक्षय तिप्पट निघतो. म्हणून पडताळा दाबावरून न घेता शक्तीवरून घ्यावा: √3·V·I·cos φ आणि 3I²R या दोन्ही मार्गांनी भाराची शक्ती सारखीच, येथे सुमारे ११.६ किलोवॉट, आली पाहिजे.

दुसरी चूक एककला मंडलाच्या सवयीतून होते. तेथे प्रवाह जाण्यायेण्याच्या दोन तारांतून वाहत असल्याने तारेचा संरोध दुप्पट घेतात. संतुलित त्रिकला मंडलात परतीच्या तारेत प्रवाहच नसल्याने तो एकदाच घ्यावयाचा असतो. वरील उदाहरणात तो दुप्पट घेतल्यास भाराचा फेज दाब २०२.८ व्होल्ट येतो आणि फीडर आहे त्यापेक्षा बराच अपुरा भासतो.

== शक्तिगुणक सुधारणा ==

घटलेल्या दाबावर कपॅसिटर हा उपाय सर्रास सुचविला जातो. वरील भाराला प्रति-फेज सुमारे १९१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर समांतर जोडला, तर ५० हर्ट्‌झला शक्तिगुणक १ होतो आणि भार १२.५ ओहमच्या शुद्ध रोधाप्रमाणे वागतो. एकूण संरोध सुमारे १३.४ ओहम, फीडरमधील प्रवाह १७.९ अँपिअर आणि भाराचा लाइन दाब ३८७ व्होल्ट येतो. फीडरमधील शक्तिक्षय १.३० किलोवॉटवरून ०.८६ किलोवॉटवर उतरतो, हा लाभ मोठा आहे. दाब मात्र जेमतेम ६ व्होल्टनी वाढतो आणि मर्यादेबाहेरच राहतो. रोधप्रधान फीडरमध्ये दाब मुख्यतः सक्रिय प्रवाहामुळे पडतो, आणि कपॅसिटर त्याला कमी करीत नाही. तेथे जाड तार टाकणे किंवा रोहित्र भाराजवळ नेणे हेच परिणामकारक ठरते.

== मर्यादा ==

वरील गणितात भाराचा संरोध स्थिर मानला आहे. तापक भारासाठी ते बऱ्याच अंशी खरे असते. भारित प्रेरण मोटर, उदाहरणार्थ कृषिपंपाची, दाब घटला तरी जवळजवळ तेवढीच शक्ती मागते व अधिक प्रवाह घेते. अशा वेळी प्रथम दाब गृहीत धरून प्रवाह काढावा, त्यावरून नवा दाब काढावा आणि उत्तर स्थिर होईपर्यंत ही क्रिया पुन्हा करावी. मिळणारा दाब स्थिर संरोधाच्या उत्तरापेक्षा कमी असतो.

तीन फेजांवरील भार असमान असल्यास N आणि N′ समविभव राहत नाहीत आणि ही पद्धत लागू पडत नाही. न्यूट्रल तार असेल, तर तिच्यावर क्लॅम्प मीटर लावून हे ओळखता येते. मात्र तीनही फेजांचे प्रवाह सारखे असूनही न्यूट्रलमध्ये लक्षणीय प्रवाह दिसल्यास त्याचे कारण बहुधा तिसरे हार्मोनिक असते. इलेक्ट्रॉनिक उपकरणांमुळे निर्माण होणारे हे प्रवाह तिन्ही फेजांत एकाच कलेत असल्याने न्यूट्रलमध्ये त्यांची बेरीज होते. असंतुलित मंडलांसाठी चार्ल्स फोर्टेस्क्यू यांनी १९१८ मध्ये मांडलेली सममित घटकांची पद्धत वापरतात. तिच्यातही प्रत्येक घटकाचे मंडल प्रति-फेजच सोडविले जाते.