धुऱ्यावरचा खुंट

१९७२ च्या दुष्काळानंतरच्या वर्षी बाबांनी धुऱ्यावर बाभळीचे खुंट रोवले. त्याआधी आमच्या चिखलीकडच्या भागात कुंपण म्हणजे बोराटीच्या फांद्या. दरसाल तोडायच्या, दरसाल रचायच्या, आणि उन्हाळ्यात कोणीतरी चुलीला न्यायच्या. बाबा आणि काका वेगळे निघाले तेव्हा मधल्या धुऱ्यावर बारा खुंट आले आणि त्यांवर काटेरी तार. विहीर काकांच्या बाजूला राहिली. पाणी सामाईक होतं, पण जायचा रस्ता तारेनं अडला.

पंचवीस वर्षांनी, १९९८ च्या चैत्रात, काकांचा मुलगा आणि मी ते कुंपण काढायला बसलो. दोघांचे बाप गेले होते. तार अर्ध्या दिवसात निघाली. खुंटांनी चार दिवस खाल्ले.

पहिला खुंट आम्ही ट्रॅक्टरला बांधून ओढला. आडवा ओढला की खुंट वाकतो, आणि तो मोडतो नेमका जमिनीच्या पातळीवर. लाकूड सडतं तेही तिथंच. खाली हवा नसते, वर ओल टिकत नाही. मध्ये वीतभर जागेत दोन्ही असतं. खुंट मोडला, बूड आत राहिलं. मग खोदलं. काळी जमीन चैत्रात दगडासारखी असते, तिचे ढेकळं निघतात, चौकोनी खड्डा काही होत नाही. दोन फूट रुंद भगदाड पडलं आणि चुलतभाऊ कडेला बसून म्हणाला, "दादा, आता सांग, धुरा कुठं व्हता?"

हसून बोलला, पण मला घाम फुटला. वाटणीच्या वेळी पंचांनी हेच खुंट खूण म्हणून धरले होते. दोन हाताच्या धुऱ्यापायी आमच्याकडं लोक वीस-वीस वर्षं कोर्टात गेलेत. खुंट काढायचा, पण त्याचं भोक जागच्या जागी राहिलं पाहिजे. म्हणजे तो सरळ वरच आला पाहिजे.

शाळेत तरफ शिकलो होतो, वापरली तेव्हा. शेवटचा खुंट सगळ्यात लहान. तीन फूट वर, दोन फूट आत. संध्याकाळी खुंटाभोवतीच्या भेगेत दोन बादल्या पाणी सोडलं. जास्त नाही, जास्त झालं की काळी माती फुगून खुंटाला धरते आणि खालून ओढून घेते. सकाळी खुंट चारी बाजूंनी हलवून पाहिला. बोटभर हलला.

बैलाची साखळी तिच्याच कडीत ओवून फास केला आणि खुंटाला जमिनीपासून चार बोटांवर बसवला. ओढ लागली की फास आवळतो. छातीएवढ्या उंचीवर बांधली तर खुंट तिरपा होतो आणि पुन्हा मोडायचं भय. दोर आम्ही आधी वापरून पाहिला होता. तो ताणतो, निसटतो. साखळीच्या कड्या लाकडात रुततात.

सात फुटांची बल्ली घेतली. खुंटापासून एक फुटावर दगडाचा टेकू, म्हणजे हाताकडं सहा फूट. मी पन्नास किलोनं दाबलं तर खुंटाला तीनशे किलोची ओढ. पण फुकट काहीच नसतं. माझा हात तीन फूट खाली आला तेव्हा खुंट अर्धा फूटच वर आला. आणि टेकूवर तर दोन्हीकडचा भार, साडेतीनशेच्या वर. पहिल्या झटक्याला दगडच मातीत गेला. त्याखाली फळी टाकली तेव्हा बल्लीला बळ आलं.

दुसऱ्या झटक्याला फास सुटला. मी बल्लीवर वाकून उभा होतो. साखळी घसरली तसा भार एकाएकी गेला, मी तोंडावर पडलो आणि बल्लीचं टोक हनुवटीला लागलं. एक दात आजही हलका आहे. तेव्हापासून मी बल्लीच्या कडेला उभा राहतो, वर वाकत नाही, आणि साखळीच्या रेषेत कोणाला उभं राहू देत नाही.

फास पुन्हा बसवला. बल्ली दाबली, खुंट थोडा वर आला. मग चुलतभावानं खुंटाजवळ एक विटेचा तुकडा ठोकून त्याला तसाच धरला, मी साखळी खाली सरकवली, टेकू उंच केला. असं पाचदा. चौथ्यांदा बुडाखालून फच्च असा आवाज आला, भोकात हवा शिरली. त्यानंतर दोन हातांनी तो अलगद उचलला.

बूड काळंभोर होतं. बाबांनी रोवण्याआधी ते आगीत भाजलं होतं, हे मला माहीत नव्हतं. काळ्या सालीखाली लाकूड टणक; वर मात्र जमिनीच्या पातळीला तो मनगटाएवढा राहिला होता.

भोक गोल होतं, जागच्या जागी. त्यात आम्ही दोघांनी मिळून एक लांबट दगड सोडला आणि भोवती माती ठेचली. विहिरीकडचा रस्ता त्याच्या बाजूनंच काढला. खुंट चुलतभाऊ घेऊन गेला. आजही त्याच्या गोठ्यात वासरू त्याला बांधलेलं असतं.