देवापुढें दिवा कां ओवाळितात?

प्राणहितेच्या कांठच्या अहेरींत मराठी, तेलुगू आणि गोंडी या तीन भाषा एकाच बाजारांत कानीं पडतात. मराठी घरांत देवापुढें दिवा ओवाळणें म्हणजे 'आरती'. तेलुगू घरांत त्याच कर्मास 'हारति' म्हणतात. पण तेलुगू घरांत हें नांव आणखी एका विधीसही आहे. नवें वधूवर दाराशीं आले म्हणजे पाण्यांत हळद आणि चुना कालवून तें लाल करितात, तबकांत घेऊन दोघांपुढें ओवाळितात आणि मग बाहेर ओतून देतात. वधूवरांवर पडलेली वाईट दृष्टि त्या पाण्यानें ओढून घेतली, अशी ही समजूत आहे. म्हणून तें पाणी घरांत ठेवावयाचें नसतें.

मराठी भाषेनेंही हीच साक्ष जपून ठेविली आहे. मुलावरून कडुनिंबाचा पाला व मीठ उतरून टाकितात, तें निंबलोण. एखाद्यावर 'जीव ओवाळून टाकणें' किंवा 'प्राणांची कुरवंडी करणें' या बोलांत, त्याच्यावरचें संकट आपल्यावर यावें, हीच इच्छा आहे. ओवाळणें म्हणजे प्रिय माणसाभोंवती एखादी वस्तु फिरवून त्याची पीडा तिच्यावर घेणें, हा या क्रियेचा जुना अर्थ होय.

देवपूजेच्या ग्रंथांत आरतीस 'नीराजन' म्हणतात, आणि या शब्दाचा इतिहास देवालयापेक्षां राजांच्या पागेंत अधिक स्पष्ट दिसतो. कौटिल्याचें अर्थशास्त्र १९०९ सालीं छापून प्रसिद्ध झालें. त्यांत अश्वांचें नीराजन आश्विनाच्या नवव्या दिवशीं करावें, असें सांगितलें आहे. शिवाय स्वारीच्या आरंभीं, शेवटीं आणि रोग पसरला असतांही करावें, असें आहे. कालिदासाचा रघुही दिग्विजयास निघण्यापूर्वीं घोड्यांचें नीराजन करितो. वेळ पाहिली कीं हेतु कळतो. पावसाळा संपून सैन्य संकटाच्या तोंडीं जावयाचें, अशा वेळीं त्याच्या रक्षणासाठीं हा विधि होता. अहेरीच्या आत्राम राजघराण्याचा दसरा याच ऋतूंतला आहे. जमीनदारी १९५१ सालीं संपली, तरी त्या उत्सवाची ओळख राहिली. मराठी घरांतील तुपाच्या लहान दिव्यास 'निरांजन' म्हणतात, तें नांवही या जुन्या विधीवरूनच आलें.

येथें एक शंका उभी राहते. पूजेंत दिवा एकदां येऊन गेलेला असतो. धूपानंतर 'दीप' हा उपचार असतो. त्यांत देवाला दिवा दाखवावयाचा. मग शेवटीं पुन्हा दिवा कशासाठीं? पहिला दिवा ही सेवा आहे. पाहुण्यास आसन, पाणी द्यावें तसा उजेड द्यावा. दुसरा दिवा फिरवावयाचा असतो. एका प्रचलित विधीप्रमाणें तो चरणांपाशीं चार वेळां, नाभीपाशीं दोन वेळां, मुखापाशीं एकदां आणि सर्वांगावरून सात वेळां फिरवितात. जुन्या देवळांतील एकाच दाराच्या काळोख्या गाभाऱ्यांत या क्रमाचें फळ डोळ्यांस दिसतें. दिवा जेथें जातो तेवढाच मूर्तीचा भाग उजळतो, आणि दूर उभ्या माणसास देव पायांपासून मुखापर्यंत क्रमाक्रमानें दिसतो. रक्षणाच्या जुन्या क्रियेंतच दर्शनाचा हा दुसरा अर्थ येऊन मिळाला.

पण सर्वसमर्थ देवास दृष्ट ती कशी लागावी? तर्कानें पाहतां लागूं नये. तथापि भक्तीचें नातें तर्काचें नसतें. जो देवाला पहाटे जागवितो, न्हाऊ घालितो, जेवूं घालितो आणि रात्रीं निजवितो, तो त्याला सजविल्यावर दृष्टही काढणारच. माता आपल्या सशक्त पुत्रासही ओवाळिते, तें तो दुर्बल आहे म्हणून नव्हे.

शेवटची गोष्ट या सर्वांहून विलक्षण आहे. लाल पाणी ओतून देतात, निंबलोण टाकून देतात. पण आरतीची ज्योत कोणी टाकीत नाहीं. तबक सर्वांपुढें येतें, प्रत्येक जण ज्योतीवर हात धरून तो डोळ्यांस व मस्तकास लावितो. पीडा ओढून घेतलेली वस्तु कोणी कपाळीं लावील काय? याचा उलगडा पदार्थाच्या भेदांत आहे. मीठ आणि पाणी पीडा घेऊन दूषित होतात. अग्नि हा पावक, तो दूषित न होतां तिला जाळितो. म्हणून ज्योतीमध्यें पीडा उरत नाहीं, उरतें तें देवापासून परतलेलें तेज. देवाकडे जातांना ओवाळणें हें भक्तानें देवाचें केलेलें रक्षण असतें. परत येतांना तीच ज्योत देवानें भक्ताचें केलेलें रक्षण होते.