पोर्तुगाल दोन्हींत सरस, मग इंग्लंडचं कापड कशाला?

आजचा भाग इंग्लंड आणि पोर्तुगालचा आहे, पण सुरुवात माझ्या घरापासून करतो.

माझ्या काकांचे इचलकरंजीत आठ यंत्रमाग होते. मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना त्यांनी ते भंगाराच्या भावानं विकले. बाहेरचं कापड स्वस्त पडत होतं आणि गावातही नवे, वेगवान माग आले होते. त्याच वर्षी ऑप्शनल विषय म्हणून मी अर्थशास्त्र घेतलं होतं. व्यापारानं दोन्ही देशांचा फायदाच होतो, असं त्या पुस्तकात लिहिलेलं. दिवाळीत घरी गेल्यावर मोठ्या हुशारीनं मी ते काकांना सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "बरं, मग त्या फायद्यातलं माझं कुठं हाय, तेबी बघून सांग."

ते बघायला मला बरीच वर्षं लागली. आज सांगतो.

या सिद्धांताला इंग्रजीत कंपॅरेटिव्ह अ‍ॅडव्हान्टेज म्हणतात, मराठीत तुलनात्मक लाभ. तो लोकांपुढे नीट मांडला डेव्हिड रिकार्डोनं, १८१७ साली. हा प्राध्यापक नव्हता. लंडनच्या शेअर बाजारात चौदाव्या वर्षापासून वडिलांच्या हाताखाली काम केलेला दलाल होता. घराणं मूळचं पोर्तुगीज ज्यू, अ‍ॅमस्टरडॅममार्गे लंडनला आलेलं. सरकारी कर्जरोख्यांत त्यानं अफाट पैसा कमावला आणि १८१४ मध्ये गॅटकम पार्क नावाची मोठी जमीनदारी विकत घेतली. ही जमीनदारी लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पुढच्याच वर्षी, १८१५ मध्ये, ब्रिटिश संसदेनं धान्य कायदा केला. देशातल्या गव्हाचा भाव एका क्वार्टरला ८० शिलिंगांवर जात नाही, तोवर बाहेरचा गहू बाजारात आणायचा नाही. संसदेत जमीनदारांचा भरणा होता, त्यामुळे कायदा कुणाच्या सोयीचा होता ते सांगायला नको. जमीनदारांचं म्हणणं असं, की आपली जमीन चांगली आहे, आपल्याला गहू पिकवता येतो, मग बाहेरून का घ्यायचा?

वरवर बिनतोड वाटणारा हा प्रश्न रिकार्डोनं मुळातूनच खोडून काढला. त्याच्या पुस्तकातल्या सातव्या प्रकरणातल्या उदाहरणात फक्त चार आकडे आहेत. इंग्लंडमध्ये ठरावीक कापड विणायला १०० माणसांची वर्षभराची मेहनत लागते आणि ठरावीक वाइन करायला १२० माणसांची. पोर्तुगालमध्ये तेवढंच कापड ९० माणसांत होतं आणि तेवढीच वाइन ८० माणसांत. म्हणजे पोर्तुगाल दोन्हींत पुढे आहे. हे आकडे त्यानं कुठे मोजलेले नाहीत, मुद्दा समजावा म्हणून मनानं घेतलेत. आणि त्यात गरीब समजला जाणारा देश मुद्दाम सरस ठेवलाय.

आता पोर्तुगालनं ही वाइन देऊन इंग्लंडचं हे कापड घेतलं असं धरा. पोर्तुगालनं दिली ८० माणसांची मेहनत. बदल्यात जे कापड आलं, ते घरी विणायचं तर ९० माणसं लागली असती. वाचली १० माणसं. इंग्लंडनं दिली १०० माणसांची मेहनत. बदल्यात आलेली वाइन घरी करायची तर १२० लागली असती. वाचली २०. दोघांना पूर्वीइतकंच कापड आणि वाइन मिळाली, वर एकूण ३० माणसं दुसऱ्या कामाला मोकळी झाली.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा कुठेतरी बग असणार असं वाटलं. पण नाही. आपण सवयीनं पोर्तुगालचं कापड इंग्लंडच्या कापडाशी ताडून बघतो, ९० की १००. पोर्तुगालपुढचा खरा प्रश्न वेगळा आहे: कापड हवंय तर ते मागावर विणून मिळवू की द्राक्षाच्या मळ्यातून मिळवू? मळ्यातून मिळवलेलं ८० माणसांत पडतं, मागावरचं ९० माणसांत. तुलना आपली आपल्याशीच आहे, आणि म्हणून नाव तुलनात्मक.

याच प्रकरणातल्या एका तळटीपेत रिकार्डोनं हे माणसांवर उतरवून दाखवलंय. दोन कारागीर आहेत, दोघांनाही बूट आणि टोप्या करता येतात. एक जण दोन्हींत सरस आहे: टोप्यांत २० टक्क्यांनी आणि बुटांत ३३ टक्क्यांनी. त्यानं फक्त बूट करावेत आणि दुसऱ्यानं फक्त टोप्या, तर दोघांचंही भलं होतं. आणि ही तळटीप आली कशासाठी? एखाद्या देशाची जमीन शेजाऱ्यापेक्षा सुपीक असली, तरी यंत्रांत तो त्याहून जास्त पुढे असेल तर त्यानं धान्य बाहेरून घेणंच फायद्याचं, हे सांगण्यासाठी. रोख थेट धान्य कायद्यावर होता. आणि हे लिहिणारा माणूस स्वतः जमीनदार होता!

इथे तुमच्यातले काही जण विचारतील, की व्यापारी कुठे माणसं मोजत बसतो? तो भाव बघतो. पोर्तुगालचं कापडही स्वस्त आणि वाइनही स्वस्त असेल, तर तो इंग्लंडचं कापड घेईलच का? प्रश्न रास्त आहे आणि रिकार्डोकडे त्याचं उत्तर आहे. सुरुवातीला तसंच होईल. पोर्तुगाल दोन्ही माल विकेल, इंग्लंडकडे विकायला काही नसेल, म्हणून त्याला सोनं मोजावं लागेल. सोनं पोर्तुगालात साचेल, तसे तिथले भाव आणि मजुरी चढतील. इंग्लंडमध्ये सोनं आटेल, तसे उतरतील.

आता पुढचे आकडे माझे, हिशेब सोपा पडावा म्हणून. समजा इंग्लंडमध्ये एका माणसाची वर्षाची मजुरी १० नाणी झाली आणि पोर्तुगालमध्ये १२. इंग्लंडचं कापड पडलं १०० गुणिले १०, म्हणजे १,००० नाण्यांना. पोर्तुगालचं ९० गुणिले १२, म्हणजे १,०८० ला. इंग्लंडचं कापड आता स्वस्त झालं. वाइन मात्र पोर्तुगालची ९६० ला आणि इंग्लंडची १,२०० ला. आता व्यापारी न सांगता कापड लंडनहून आणि वाइन पोर्तुगालहून उचलणार. पोर्तुगालची मजुरी इंग्लंडच्या साधारण १.११ पट ते दीडपट यांच्या मध्ये असेल, तोवर हा व्यापार दोन्ही बाजूंनी चालतो. त्याखाली गेली तर इंग्लंडचा माल खपत नाही, वर गेली तर पोर्तुगालचा.

म्हणजे सगळ्यात मागे असलेल्यालाही विकण्याजोगं काहीतरी असतंच. फक्त मागे असण्याची किंमत त्याला कमी मजुरीच्या रूपानं मोजावी लागते. "कमी मजुरीवाले आपल्याला बुडवतील" असं एक देश म्हणतो आणि "जास्त कुशल लोक आपल्याला बुडवतील" असं दुसरा म्हणतो, तेव्हा दोघंही या गणिताची एकेकच बाजू बघत असतात.

आता काकांच्या प्रश्नाकडे येऊ. तो या चार आकड्यांच्या पोटातच दडलाय.

पोर्तुगालनं कापड विणणं थांबवलं, की ९० विणकर मोकळे होतात. कागदावर त्यातले ८० जण दुसऱ्याच दिवशी द्राक्षाच्या मळ्यात हजर. प्रत्यक्षात वेल लावली की पहिली द्राक्षं यायला दोन-तीन वर्षं जातात. आणि माग चालवणाऱ्या हाताला वेलीची छाटणी येत नसते. पोर्तुगालात लोकरी कापडाचं केंद्र होतं मध्य भागातल्या डोंगराळ कोविल्यांत, आणि पोर्ट वाइनचे मळे उत्तरेला दोरू नदीच्या खोऱ्यात.

हे नुसतं कल्पनेतलं नाही. सतराव्या शतकाच्या शेवटी पोर्तुगाल सरकारनं आपल्या लोकरी कापडाच्या कारखान्यांना पाठबळ दिलं होतं, परदेशी लोकरी कापडाला बंदी होती. मग १७०३ मध्ये इंग्लंडशी मेथ्युएन करार झाला. पोर्तुगालनं इंग्लंडच्या लोकरी कापडाला दार उघडायचं आणि इंग्लंडनं पोर्तुगीज वाइनवर फ्रेंच वाइनपेक्षा एक तृतीयांश कमी जकात घ्यायची. वाइनचा धंदा वाढला, कापडाचे कारखाने मागे पडले, आणि कापड वाइनपेक्षा इतकं जास्त येऊ लागलं की फरक भरायला ब्राझीलचं सोनं लंडनला जात राहिलं. रिकार्डोनं उदाहरणाला हेच दोन देश आणि हाच माल घेतला, पण या कराराचं राजकारण आकड्यांतून गाळलं. युद्धाच्या धामधुमीत, इंग्लंडच्या आरमाराचा आधार हवा असताना केलेला करार म्हणजे दोन दुकानदारांचा मोकळा सौदा नव्हे.

दुसरी एक अट रिकार्डोनं स्वतःच लिहून ठेवलीय. भांडवल आणि कामगार सहज देशाबाहेर जात असते, तर इंग्लंडच्या कापडवाल्यानंही पोर्तुगालातच कारखाना टाकला असता आणि दोन्ही माल तिथेच झाले असते. माणूस आपला देश सोडून पैसा लावायला कचरतो, यावर त्याचं गणित उभं आहे. आज कारखाना एका देशातून दुसऱ्या देशात हलतो, तेव्हा ही अट अर्धी तुटलेली असते.

मग सिद्धांत खोटा का? नाही. ३० माणसांची बचत खरी आहे, ती कुणी नाकारू शकत नाही. पण ती देशाच्या खात्यात जमा होते. त्यातलं किती विणकराच्या खात्यात वळवायचं, हे गणित सांगत नाही. ते कर, मदत, नवं काम शिकण्याची सोय यावर, म्हणजे राजकारणावर ठरतं. बचत आहे म्हणून भरपाई देणं परवडतं, इतकंच सिद्धांत सांगतो. ती दिली जातेच, असं तो कुठेही म्हणत नाही. माझ्या पुस्तकानं ही दोन वाक्यं एकत्र करून टाकली होती.

रिकार्डोला पुढे याच प्रकारचा प्रश्न यंत्रांबद्दल पडला. १८२१ च्या तिसऱ्या आवृत्तीत त्यानं यंत्रांवर एक नवं प्रकरण घातलं आणि उघड कबूल केलं, की यंत्रांनी सगळ्यांचंच भलं होतं हे आपलं आधीचं मत चुकलं, कामगाराचं त्यात नुकसान होऊ शकतं. दोन वर्षांनी तो वारला. धान्य कायदा रद्द झाला १८४६ मध्ये, त्याच्यानंतर तेवीस वर्षांनी.

गेल्या महिन्यात गावी गेलो तेव्हा काकांना हे सगळं पाटीवर आकडे मांडून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. १,००० आणि १,०८० चा हिशेब त्यांना माझ्याआधी झाला. चाळीस वर्षं मीटरला किती पडलं हेच बघत आलेला माणूस तो. मग म्हणाले, "म्हणजे तुझं गणित बरोबर, आणि माझं मागणंबी बरोबर."

मी हो म्हणालो.

भेटू पुढच्या भागात.