मोठं वर्तुळ म्हणजे चांगलं औषध?

1966 साली सिॲटलच्या बाउअर, कर्बी, शेरिस आणि टर्क यांनी एक चाचणी पक्की केली. जिवाणू पसरलेल्या थाळीवर औषधाची चकती ठेवायची आणि भोवतीचं मोकळं वर्तुळ मोजायचं. पण प्रत्येक औषध थाळीत वेगळं पसरतं, म्हणून प्रत्येकाची सीमारेषाही वेगळी. दोन औषधांची वर्तुळं एकमेकांशी ताडायची नाहीत! म्हणून माझ्या तक्त्यात आकडे नाहीत, फक्त एस, आय, आर.

समजा, लघवीत ई. कोलाय सापडला. सिप्रोफ्लॉक्सासिन आर, म्हणजे तळाला. नायट्रोफ्युरँटोइन आणि मेरोपेनेम दोन्ही एस. मग कमी प्रकारच्या जंतूंना मारणारं नायट्रोफ्युरँटोइन वर, हिरव्या रंगात. शेजारी शेरा: ‘फक्त मूत्राशयासाठी’. संसर्ग किडनीत गेला असेल तर तिथे ते पुरेसं पोचत नाही, आणि हे रिपोर्टमधल्या एसवरून कळत नाही. ते डॉक्टरच ठरवणार.