संयोजित सर्वदृश्य छायाचित्र

एकाच स्थानावरून कॅमेरा टप्प्याटप्प्याने फिरवीत घेतलेली व कडांशी एकमेकांवर येणारी अनेक छायाचित्रे जोडून तयार केलेल्या एका विस्तृत छायाचित्रास संयोजित सर्वदृश्य छायाचित्र असे म्हणतात. एका छायाचित्रात किती बारकावा येईल हे काचेच्या किंवा संवेदकाच्या आकारावर आणि भिंगाच्या गुणवत्तेवर अवलंबून असते. दृश्याचे लहान लहान भाग वेगवेगळे टिपून ते जोडल्यास ही मर्यादा ओलांडता येते. मात्र त्यासाठी तीन अटी पाळाव्या लागतात : लगतच्या चित्रांत पुरेसा सामाईक पट्टा असावा, सर्व चित्रे एकाच दृष्टिबिंदूतून घेतलेली असावीत आणि त्यांचे उद्‌भासन (प्रकाश पडू देण्याचे प्रमाण) सारखे असावे. या चित्रप्रकाराचा इतिहास बव्हंशी या तीन अटींशी छायाचित्रकारांनी केलेल्या झगड्याचा इतिहास आहे.

प्रारंभ : दागेअरची पद्धत १८३९ मध्ये जाहीर झाल्यानंतर अवघ्या नऊ वर्षांनी, सप्टेंबर १८४८ मध्ये, चार्ल्स फॉन्टेन व विल्यम पोर्टर यांनी ओहायओ नदीच्या पलीकडील तीरावरून सिनसिनॅटी शहराच्या नदीकाठाचे दृश्य आठ चांदीच्या पत्र्यांवर टिपले. या पद्धतीत व्यस्त प्रत नसते. पत्र्यावरील चित्र हेच अंतिम चित्र असते. त्यामुळे ते कापून जोडणे शक्य नव्हते आणि आठही पत्रे चौकटीत शेजारी शेजारी मांडावे लागले. बारकाव्याच्या दृष्टीने मात्र हे चित्र विलक्षण होते. एकविसाव्या शतकात सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे भाग टिपण्यात आले, तेव्हा नुसत्या डोळ्यांना ठिपक्याएवढ्या दिसणाऱ्या मनोऱ्यावरील घड्याळाची वेळही वाचता आली.

काचेवरील व्यस्त प्रत प्रचारात आल्यावर कागदी प्रती कापून जोडणे शक्य झाले. फेलीचे बेआतो यांनी १८५८ मध्ये लखनौ व दिल्ली येथे अशी जोडचित्रे तयार केली. ऑस्ट्रेलियात बर्नार्ड होल्टरमन यांनी सिडनी बंदरासमोरील आपल्या घराच्या मनोऱ्यात छायाचित्रणाची सोय केली. तेथून चार्ल्स बेलिस यांनी १८७५ मध्ये घेतलेल्या चित्रांपासून २३ भागांचे, सुमारे १० मी. लांबीचे सर्वदृश्य चित्र तयार झाले. ते १८७६ मध्ये फिलाडेल्फिया व १८७८ मध्ये पॅरिस येथील प्रदर्शनांत मांडण्यात आले.

मायब्रिज यांचे सॅन फ्रॅन्सिस्को : एडवर्ड मायब्रिज यांनी १८७७ मध्ये सॅन फ्रॅन्सिस्कोतील नॉब हिल या टेकडीवरून ११ भागांचे एक चित्र घेतले होते. पुढील वर्षी त्यांनी तेच दृश्य मोठ्या काचांवर पुन्हा टिपले. मार्क हॉपकिन्स यांच्या तेथील वाड्याच्या मनोऱ्यावरून घेतलेल्या १३ काचांत शहराचे पूर्ण वर्तुळ सामावले असून जोडलेल्या प्रतीची लांबी पाच मीटरांहून अधिक आहे.

पूर्ण वर्तुळाचे ३६० अंश १३ भागांत विभागले की प्रत्येक टप्पा सुमारे २७.७ अंशांचा होतो. कॅमेऱ्यातील काच सपाट असल्यामुळे असे चित्र खऱ्या अर्थाने वर्तुळाकार नसते. ते १३ बाजूंच्या बहुकोनासारखे असते. सपाट काचेवर मध्यभागापेक्षा कडेजवळील वस्तू किंचित मोठ्या उमटतात. मध्यापासून सुमारे १३.९ अंशांवर, म्हणजे जोडाच्या जागी, ही वाढ उंचीत सुमारे तीन टक्के भरते. जोड सामाईक पट्ट्याच्या बरोबर मध्यावर घेतला, तर दोन्ही बाजूंची वाढ सारखी असल्याने घरांच्या कडा जुळतात. तो केवळ दोन अंश बाजूला सरकला, तर क्षितिजरेषेपासून १० सेंमी. अंतरावरील बिंदू एकमेकांपासून जवळजवळ पावणेदोन मिमी. ढळतात. मध्यावर जोडूनही तिरकस जाणारे रस्ते व छपरांच्या रेषा जोडाशी थोड्या मोडलेल्या दिसतात. हा दोष कात्रीने दूर होत नाही.

याहून अवघड प्रश्न प्रकाशाचा होता. ओल्या कलोडियन पद्धतीत काचेवर लेप देणे, ती संवेदनशील करणे, उद्‌भासित करणे व विकसित करणे ही सर्व कामे लेप ओला असेपर्यंत, म्हणजे काही मिनिटांतच, उरकावी लागत. प्रत्येक मोठ्या काचेसाठी हे सारे चक्र पुन्हा चालवायचे असल्याने १३ काचा पूर्ण होण्यास काही तास लागणे अपरिहार्य होते. सूर्य आकाशात तासाला १५ अंश सरकतो. म्हणून पहिल्या व शेवटच्या काचेतील छाया एकाच दिशेच्या असू शकत नाहीत. शिवाय वर्तुळ फिरताना काही काचा सूर्याच्या दिशेने तोंड करतात, तर काही त्याच्याकडे पाठ करतात. भिंगावरचे झाकण काढून सेकंद मोजणे एवढेच उद्‌भासनाचे साधन असल्याने व्यस्त प्रतींच्या गडदपणात फरक पडे. तो कागदी प्रत काढताना उन्हातील वेळ कमीअधिक करून पुष्कळसा झाकता येत असे. कलोडियनचा एक दोषही येथे उपयोगी पडला. ते प्रामुख्याने निळ्या प्रकाशास संवेदनशील असल्यामुळे आकाश कोरे पांढरे उमटे आणि आकाशातील जोड दिसतच नसत.

मात्र छाया झाकता येत नाहीत. १९९० मध्ये मार्क क्लेट यांनी त्याच जागी नंतर उभ्या राहिलेल्या हॉटेलवरून हेच १३ भाग पुन्हा टिपले. त्या वेळी जुन्या चित्रातील छायांचा अभ्यास करण्यात आला. सातवी काच क्रमात बसत नाही, ती शेजारच्या काचांहून उशिरा घेतलेली आहे, असे त्यावरून दिसून आले. कागदी जोडात इमारती नीट जुळतात, पण सूर्य जुळत नाही. या चित्रात दिसणाऱ्या शहराचा मोठा भाग, हॉपकिन्स यांच्या वाड्यासह, १९०६ च्या भूकंपानंतरच्या आगीत नष्ट झाला. त्यामुळे नगररचनेचा पुरावा म्हणून चित्राचे मोल वाढले. परंतु त्यातून रस्त्यांवरील एका क्षणाची स्थिती वाचू पाहणाऱ्याने प्रत्येक जोडाशी वेळ बदलते हे ध्यानात ठेवणे आवश्यक ठरते.

संगणकीय जोडकाम : विसाव्या शतकाच्या अखेरीस कात्रीची जागा संगणकाने घेतली. पीटर बर्ट व एडवर्ड अ‍ॅडेलसन यांनी १९८३ मध्ये जोड लपविण्याची एक महत्त्वाची रीत मांडली. तीत चित्रातील स्थूल छटा रुंद पट्ट्यात व बारीक तपशील अरुंद पट्ट्यात मिसळतात. त्यामुळे आकाशाचा उजेड हळूहळू बदलतो आणि खिडक्यांच्या कडा मात्र दुहेरी होत नाहीत. १९९८ मध्ये हेल्मुट डेर्श यांनी सपाट चित्रे दंडगोलावर किंवा गोलावर पसरून देणारी साधने उपलब्ध केली व मायब्रिज यांच्या चित्रातील मोडलेल्या रेषांचा प्रश्न सुटला. मॅथ्यू ब्राउन व डेव्हिड लो यांनी २००३ मध्ये सामाईक पट्ट्यातील ठळक खुणा आपोआप ओळखून चित्रे जुळविण्याची रीत दाखविली. त्याच वर्षी मॅक्स लायन्स यांनी अमेरिकेतील ब्राइस कॅन्यनची १९६ चित्रे जोडून शंभर कोटींहून अधिक चित्रबिंदूंचे छायाचित्र तयार केले.

अशा चित्राचे गणित एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. समजा, भिंगातून आडवे ६ अंश व उभे ४ अंश दृश्य दिसते आणि संवेदकावर ६,००० × ४,००० चित्रबिंदू आहेत. म्हणजे एका अंशास १,००० चित्रबिंदू मिळतात. सामाईक पट्टा ३० टक्के ठेवल्यास कॅमेरा आडवा ४.२ अंशांनी व उभा २.८ अंशांनी सरकवावा लागतो. पूर्ण वर्तुळ व २८ अंश उंचीचे दृश्य घेण्यास ८६ स्तंभ व १० ओळी, म्हणजे ८६० चित्रे लागतात. जोडलेले चित्र सुमारे १,००० कोटी चित्रबिंदूंचे होते. पट्टा यापेक्षा फार कमी ठेवला, तर खुणा अपुऱ्या पडतात. विशेषतः निरभ्र आकाश किंवा शांत पाणी यांत जुळविण्याजोगे काहीच नसते. तो फार वाढविला, तर चित्रांची संख्या व लागणारा वेळ वाढतो.

येथे मायब्रिज यांचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. एका चित्रास चार सेकंद धरले, तरी ८६० चित्रांना सुमारे ५७ मिनिटे लागतात व तेवढ्या वेळात सूर्य जवळजवळ १४ अंश सरकतो. चित्रे ओळीने घेतली, तर खालच्या व वरच्या शेजारी चित्रांत पावणेसहा मिनिटांचे अंतर पडते. स्तंभाने घेतली, तर शेजारच्या स्तंभांत केवळ ४० सेकंदांचे पडते. म्हणून स्तंभांचा क्रम श्रेयस्कर ठरतो. तरीही वर्तुळ पूर्ण होताना शेवटचा स्तंभ तासाभरापूर्वीच्या पहिल्या स्तंभाला भिडतो. ही जागा समुद्र किंवा मोकळे मैदान अशा छायाविरहित भागावर येईल, अशा बेताने सुरुवात करावी लागते.

दोष व त्यांची ओळख : उद्‌भासन काल, भिंगाचे छिद्र, संवेदनशीलता, केंद्रीभवन व रंगसंतुलन ही सर्व पहिल्या चित्रापूर्वी ठरवून कायम ठेवतात. कॅमेरा स्वयंचलित ठेवल्यास तो उजळ भिंतीसमोर प्रकाश कमी करतो, सावलीसमोर वाढवितो, आणि जोडाशी उजेडाची पायरी उमटते. आकाशात सारख्या अंतरावर काळसर पट्टे दिसत असतील, तर मात्र कारण वेगळे असते. भिंगाची नळी कडांकडे जाणारा प्रकाश अडविते, त्यामुळे प्रत्येक चित्राच्या कडा काळवंडतात. छिद्र लहान केल्याने हा दोष बराच कमी होतो व उरलेला गणिताने काढता येतो.

जवळची वस्तू दुहेरी व दूरची सुबक दिसत असेल, तर दृष्टिबिंदू ढळला आहे असे समजावे. कॅमेरा तिपाईवर ज्या अक्षाभोवती फिरतो, तो भिंगाच्या प्रवेशछिद्रातून (समोरून पाहताना दिसणाऱ्या छिद्राच्या प्रतिमेतून) जायला हवा. वरील उदाहरणात तो ८ सेंमी. दूर असल्यास एका टप्प्यात दृष्टिबिंदू सुमारे ६ मिमी. सरकतो. तीन मीटरांवरील कठड्यात त्यामुळे शंभराहून अधिक चित्रबिंदूंचा फरक पडतो. तीन किलोमीटरांवरील डोंगरात तो एका चित्रबिंदूच्या दशांशाएवढाच राहतो. अक्ष योग्य असूनही एकच माणूस दोनदा दिसत असेल किंवा अर्धाच दिसत असेल, तर तो दोन चित्रांच्या दरम्यान हलला आहे. संगणक जोडरेषा त्याला वळसा घालून नेऊ शकतो, परंतु दोन क्षणांपैकी कोणता ठेवायचा ही निवड त्यात होतेच.

उद्‌भासनातील फरक, कडांची काळोखी व रेषांचे मोडणे हे दोष आता पुष्कळ अंशी दूर करता येतात. कालांतर मात्र दूर करता येत नाही. ते केवळ झाकता येते. कागदी जोडचित्रात कात्रीची रेषा ते उघड करीत असे. संगणकीय चित्रात ती रेषा दिसत नसल्याने, पुरावा म्हणून असे चित्र जतन करताना मूळ सुटी चित्रे व त्यांच्या वेळांच्या नोंदी सोबत ठेवणे हाच विश्वसनीय मार्ग होय.