जनगणनेच्या कोष्टकातील बातमी : बीडचे ८९४ ते ८०७

बातमी नेहमी पत्रकार परिषदेतच मिळते असे नाही. सरकारी संकेतस्थळावर सर्वांसाठी ठेवलेल्या एखाद्या एक्सेल कोष्टकातही ती असते. मात्र ती शोधून काढणे आणि आलेखातून जशीच्या तशी वाचकांपुढे ठेवणे, ही दोन वेगवेगळी कामे आहेत. भारताच्या २०११ च्या जनगणनेतील 'प्राथमिक जनगणना सार' हे कोष्टक आणि त्यातील शून्य ते सहा वयोगटातील मुलामुलींचे आकडे घेऊन ही पद्धत पाहू.

रकाने ओळखणे

महाराष्ट्राची फाईल उघडली की हजारो ओळी दिसतात. आपल्या कामाचे रकाने मात्र मोजकेच आहेत. `Level` या रकान्यात ती ओळ राज्याची, जिल्ह्याची, तालुक्याची की गावाची आहे हे लिहिलेले असते. `TRU` मध्ये एकूण, ग्रामीण आणि शहरी असा भेद असतो. `M_06` आणि `F_06` या रकान्यांत सहा वर्षांपर्यंतच्या मुलग्यांची आणि मुलींची संख्या असते.

पहिली चूक इथेच होते. एकाच जिल्ह्याच्या एकूण, ग्रामीण आणि शहरी अशा तीन ओळी असतात आणि त्याखाली त्यातील तालुके व गावे पुन्हा येतात. सरसकट बेरीज केली, तर एकच मूल अनेकदा मोजले जाते. म्हणून `Level` मध्ये `DISTRICT` आणि `TRU` मध्ये `Total` एवढ्याच ओळी गाळून घ्याव्यात. बाललिंगगुणोत्तर, म्हणजे दर हजार मुलग्यांमागे मुली किती, हे काढण्याचे सूत्र सोपे आहे (मुली B2 मध्ये आणि मुलगे A2 मध्ये आहेत असे समजू) :

```
=B2/A2*1000
```

आपली गाळणी बरोबर आहे की नाही, याची कसोटी कोष्टकातच आहे. सर्व जिल्ह्यांतील मुलींची आणि मुलग्यांची स्वतंत्र बेरीज करावी. सुमारे ६२ लाख ९१ हजार मुली आणि ७० लाख ३५ हजार मुलगे येतात. त्यांचे गुणोत्तर ८९४, म्हणजेच राज्याचा अंतिम आकडा. जिल्ह्यांच्या गुणोत्तरांची सरासरी काढली, तर हा आकडा नेमका जुळेलच असे नाही, कारण त्या सरासरीत लहान आणि मोठ्या जिल्ह्यांना सारखेच वजन मिळते.

कोणता आकडा खरा?

आता २००१ च्या आकड्यांशी तुलना करू. राज्याचे गुणोत्तर ९१३ वरून ८९४ वर आले, म्हणजे १९ ची घट झाली. परंतु जुन्या बातम्यांत २०११ चा आकडा ८८३ असा दिसतो आणि घट ३० ची होते. यातला कोणताही आकडा बनावट नाही. ८८३ हा २०११ मध्ये घाईने जाहीर झालेला तात्पुरता आकडा होता, तर ८९४ हा तपासणीनंतरचा अंतिम आकडा आहे. बीडचाही तात्पुरता आकडा ८०१ आणि अंतिम ८०७ होता. एका वर्षाचा तात्पुरता आणि दुसऱ्या वर्षाचा अंतिम आकडा शेजारी मांडला, की घसरण आपोआप फुगते. म्हणून दोन्ही बाजूंना अंतिम आकडेच घ्यावेत.

जिल्हे घटीच्या क्रमाने लावले, की बीडकडे लक्ष जाते. १९९१ मध्ये ९३९, २००१ मध्ये ८९४ आणि २०११ मध्ये ८०७. शेवटच्या दशकातील घट ८७ ची, म्हणजे राज्याच्या घटीच्या चौपटीहून अधिक आहे.

योगायोग की बदल?

बातमी लिहिण्याआधी एक शंका फेडून घ्यावी लागते : ही घट निव्वळ योगायोगाची तर नाही? निसर्गतः साधारण १०५ मुलग्यांमागे १०० मुली जन्मतात, म्हणजे गुणोत्तर ९५२ च्या आसपास असते. ज्या गावात १०० मुले आहेत, तिथे मुली ४४ असोत वा ५४, दोन्ही गोष्टी सहज घडू शकतात. पण पहिल्या गावाचे गुणोत्तर ७८६ आणि दुसऱ्याचे ११७४ भरते! म्हणून कोष्टकातील 'सर्वात वाईट गाव' शोधून त्याचे नाव छापणे हा त्या गावावर अन्याय ठरू शकतो. बीड जिल्ह्यात मात्र या वयाची तीन लाखांहून अधिक मुले होती. एवढ्या संख्येत योगायोगाने होणारी हालचाल सात-आठ अंकांपुरतीच असते. ८७ ची घट योगायोगात बसत नाही.

आलेख कुठून सुरू करावा?

८९४ आणि ८०७ यांचे दोन स्तंभ काढले आणि उभा अक्ष ८०० पासून सुरू केला, तर पहिला स्तंभ ९४ आणि दुसरा अवघा ७ एककांचा होतो. जणू मुली तेरापटीने घटल्या! प्रत्यक्षात गुणोत्तरातील घट दहा टक्क्यांच्या आत आहे. स्तंभाची लांबी पाहूनच डोळा तुलना करतो, म्हणून स्तंभालेख शून्यापासूनच सुरू झाला पाहिजे. पण तसे केले की दोन्ही स्तंभ जवळजवळ सारखे दिसतात आणि गंभीर घट झाकली जाते.

यावर उपाय म्हणजे स्तंभ सोडून बिंदू आणि रेघ वापरणे. रेघेत डोळा लांबी नव्हे तर स्थान आणि उतार वाचतो. त्यामुळे अक्ष ७५० ते १००० असा स्पष्ट लिहून ठेवता येतो. त्यावर ९५२ ची एक फिकट आडवी रेघ ओढावी आणि राज्याची रेघ सोबत द्यावी. बीड नैसर्गिक पातळीपेक्षा सुमारे १४५ ने खाली आहे, हे मग न सांगताही कळते.

सुरुवातीचे वर्ष निवडतानाही सावध राहावे लागते. कोल्हापूरचे गुणोत्तर २००१ मध्ये ८३९ होते, २०११ मध्ये ८६३ झाले. एवढेच दाखवले तर ती सुधारणेची आनंदवार्ता वाटते. १९९१ चा ९३१ हा बिंदू जोडला की चित्र पालटते : मोठ्या पडझडीनंतर थोडीशी भरपाई. कोष्टकात तीन जनगणनांचे आकडे मिळत असतील, तर तिन्ही दाखवावेत.

आकडे काय सांगत नाहीत

हे गुणोत्तर जन्मावेळचे नव्हे, तर जनगणनेवेळी नोंदलेल्या मुलामुलींचे आहे. त्यात बालमृत्यू आणि स्थलांतर मिसळलेले असते. २०११ ची गणना फेब्रुवारीत, ऊसतोडणीच्या हंगामात झाली आणि बीडमधून हजारो कुटुंबे तोडणीसाठी बाहेर पडतात. कोणती मुले सोबत गेली आणि कोणती गावी राहिली, याचा परिणाम आकड्यावर झाला का, हे जन्मनोंदणीचे आकडे आणि प्रत्यक्ष भेटी यांतूनच तपासता येईल. गर्भलिंगनिदानाचा संशय या आकड्यांमुळे बळावतो, पण तो केवळ त्यांच्यावरून सिद्ध होत नाही.

२०२१ ची जनगणना लांबणीवर पडली. त्यामुळे हे कोष्टक जुने असूनही जनगणनेचे शेवटचे उपलब्ध चित्र तेच आहे. म्हणून बातमीचे वाक्य असे असावे : 'बीड जिल्ह्यात दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या २००१ मध्ये ८९४ होती, ती २०११ मध्ये ८०७ झाली.' वर्षे गाळून 'बीडमध्ये मुली घटत आहेत' असे लिहिले, तर आपण कोष्टकात नसलेली गोष्ट वाचकाला सांगितलेली असते.